कर्वेनगरचं पाणी पंढरपूरला जातं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना सुटलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत, बाकी सूर बोलण्याचाच आहे.

आज विषय नदीस्नानाचा. त्याआधी नकाशा उघडा आणि एका थेंबाचा प्रवास बघा. मी कर्वेनगरमध्ये राहतो. माझ्या बाथरूममधलं पाणी ड्रेनेजमधून जातं, शुद्ध होऊन किंवा न होता मुठेत पडतं. मुठा पुढे संगमावर मुळेला मिळते. मुळा-मुठा शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. भीमा दौंडवरून उजनीच्या जलाशयात शिरते, धरणातून बाहेर पडते आणि पंढरपुराजवळ चंद्रकोरीसारखं वळण घेते. त्या वळणामुळे तिथे तिचं नाव चंद्रभागा. म्हणजे वारकरी ज्या पाण्यात आषाढीला बुडी मारतो, त्यात आमच्या सोसायटीचा वाटा आहे. हे रूपक नाही, भूगोल आहे.

‘श्रद्धा विरुद्ध प्रदूषण’ असा वाद निघाला की चित्र ठरलेलं असतं. एका बाजूला पाण्याकडे न बघता बुडी मारणारा भाविक, दुसऱ्या बाजूला हातात अहवाल घेतलेला शिकलेला माणूस. दीडशे वर्षं आपण हेच चित्र बघतोय. ते आलं कुठून, आणि आज ते लागू होतं का, एवढंच या भागात बघायचं आहे.

सुरुवात पटकीपासून, म्हणजे कॉलऱ्यापासून. एकोणिसाव्या शतकात हा रोग बंगालमधून निघून युरोपापर्यंत पुन्हा पुन्हा पोचला. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, आणि तिथे जमलेल्या डॉक्टरांनी आणि मुत्सद्द्यांनी यात्रांकडे बोट दाखवलं. मक्केची हजयात्रा आणि हिंदूंच्या यात्रा हे रोग पसरण्याचं मोठं कारण आहे, असं म्हटलं. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, हरिद्वारच्या कुंभानंतर खरोखर पटकीची मोठी साथ उत्तर भारतभर गेली. तेव्हापासून सरकारी कागदांत यात्रेकरू म्हणजे रोग वाहून नेणारा माणूस, हे समीकरण पक्कं झालं. पंढरपूर त्यात आलंच. वारीच्या दिवसांत लाखो लोक एका लहान गावात, एका नदीवर. तेच पाणी अंघोळीला, तेच प्यायला.

आता यातली गंमत बघा. त्याच काळात हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर होते जे. एम. कनिंगहॅम. पटकी पाण्यातून आणि माणसाकडून माणसाला पसरते, हेच त्यांना मान्य नव्हतं. तसं मान्य केलं असतं तर बंदरांवर जहाजं अडवून ठेवावी लागली असती आणि व्यापाराला फटका बसला असता. म्हणजे यात्रेकरू घाणेरडा हे कबूल, पण जहाज निर्दोष! १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात येऊन पटकीचा जंतू तळ्याच्या पाण्यात दाखवला, त्यानंतरही ही टाळाटाळ लगेच थांबली नाही.

पंढरपुरात या सगळ्याचा अर्थ काय झाला? यात्रेकरूंकडून कर घेतला जायचा. पुढे साथीच्या काळात वारीवर बंधनं आली, आणि पटकीची लस टोचून घेणं सक्तीचं झालं. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी वारीला निघायचं म्हणजे आधी दंडात सुई. दंड सुजायचा, ताप यायचा, आणि तशीच माणसं चालत निघायची. इतिहासकार मंजिरी कामत यांनी १९०८ ते १९१६ या काळातल्या पंढरपूर यात्रेवर एक निबंध लिहिला आहे. त्याच्या शीर्षकातच पालखीला प्लेग वाहणारी म्हटलंय. अर्थात ती सरकारची नजर होती, लेखिकेची नव्हे.

सरकार अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. पटकी पाण्यातून पसरते आणि वारीत लोक मरत होते, हे खरंच. माझं म्हणणं एवढंच की त्या काळी घाणीचा उगम आणि भाविक एकाच जागी होते. नदीकाठी उतरणारा, शौचाला बसणारा आणि त्याच पाण्यात बुडी मारणारा माणूस एकच होता. त्यामुळे ‘भाविक नदी घाण करतो’ हे वाक्य अर्धं का होईना, खरं होतं.

आता भाविकाच्या बाजूने बघू. त्याला घाण दिसत नाही, हा आपला लाडका गैरसमज. आपल्या परंपरेत पाणी स्वच्छ आहे का आणि पाणी पवित्र आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मानववंशशास्त्रज्ञ केली ॲली यांनी बनारसच्या घाटावर बरीच वर्षं काम केलं. तिथल्या पंड्यांशी बोलताना त्यांना हेच सापडलं: गंगा ‘गंदी’ होऊ शकते, ‘अपवित्र’ होऊ शकत नाही. आई मळलेल्या लुगड्यात असली तरी आईच. ज्यांना यात नुसती अंधश्रद्धा दिसते त्यांनी वीरभद्र मिश्र आठवावेत. ते बनारसच्या संकटमोचन मंदिराचे महंत होते आणि तिथल्याच विद्यापीठात हायड्रॉलिक इंजिनिअरिंगचे प्राध्यापकही. पाण्यातल्या जंतूंचे आकडे स्वतः मोजून घ्यायचे आणि गंगेत स्नानही करायचे. १९८२ मध्ये त्यांनी गंगेच्या शुद्धतेसाठी संस्था काढली आणि २०१३ मध्ये जाईपर्यंत सरकारशी सांडपाण्यावर भांडत राहिले.

स्वच्छतेचा प्रश्न शास्त्रांनी सोडून दिलेला नव्हता. पाण्यात थुंकू नये, मलमूत्र करू नये, हे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत आणखी एक नियम सापडतो आणि तो मला फार आवडतो. कर्क आणि सिंह राशीत सूर्य असताना, म्हणजे साधारण पावसाळ्याचे दोन महिने, नद्या ‘रजस्वला’ मानायच्या आणि त्यांत स्नान करायचं नाही. मोठ्या नद्यांना यातून बरीचशी सूट. आणि जो त्या नदीच्या काठीच राहतो त्यालाही सूट, कारण त्याने दुसरं पाणी आणायचं कुठून? शब्द आजच्या कानाला खटकतो, खटकायलाच हवा. पण नियम बघा. पहिल्या पुराबरोबर काठावरचा सगळा गाळ आणि घाण लहान नदीत उतरते, आणि नेमक्या त्याच काळात स्नान बंद. कारण तेच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण नदीकडे डोळे उघडे ठेवून बघणाऱ्या माणसाचा हा नियम वाटतो. याच परंपरेतला ‘धर्मसिंधु’ अठराव्या शतकाच्या शेवटी काशीनाथ उपाध्याय यांनी लिहिला, आणि ते राहायचे पंढरपुरात.

भाविकाचं वागणंही पाण्याप्रमाणे बदलतं. आमच्या घरी चंद्रभागेचं पाणी पितळी गडूत भरून यायचं आणि सगळ्यांना पळीभर तीर्थ मिळायचं. मग ते फक्त डोक्यावर शिंपडलं जाऊ लागलं. आता गडू देवघरात सीलबंद असतो आणि तीर्थ नळाच्या पाण्याचं असतं. कुणी सभा घेऊन हे ठरवलं नाही. पोटातून कातडीवर, कातडीवरून नजरेपुरतं, असं ते पाणी तीन पिढ्यांत मागे सरकत गेलं. भक्ती कमी झाली असं मला तरी दिसलं नाही.

आता वळू आकड्यांकडे. शेवटी मी इंजिनिअर माणूस, आणि हा हिशेब वहीच्या एका पानावर होतो.

नदीत अंघोळ करण्यासारखं पाणी म्हणजे काय, याचा देशात कायदेशीर मापदंड आहे. त्यातल्या दोन गोष्टी पुरेत. पहिली बीओडी. पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जंतू किती ऑक्सिजन संपवतात त्याचं हे माप. जितकी घाण जास्त, तितका हा आकडा मोठा, आणि माशांना उरणारा ऑक्सिजन कमी. स्नानासाठी तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. दुसरी गोष्ट म्हणजे विष्ठेतून येणारे कॉलिफॉर्म जंतू. ते १०० मिलिलिटरमध्ये ५०० च्या आत असणं चांगलं, आणि फार तर २,५०० चालतील.

मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा मापदंड वेगळा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याची बीओडी १० पर्यंत खाली आणा असं सांगितलं. त्याआधी महानगरांना २० चालत होती. म्हणजे केंद्र अगदी नियमाप्रमाणे चाललं तरी त्याचं पाणी १० चं, आणि स्नानाला हवं ३ चं. मधला फरक कोण भरून काढणार? नदी. तिच्या चांगल्या पाण्यात मिसळून हे पाणी पातळ होईल, असं गृहीत धरलेलं असतं.

तर करू हिशेब. नदीच्या चांगल्या पाण्याची बीओडी १ धरा. केंद्रातल्या एका लिटरला असं x लिटर पाणी मिसळायचं आणि मिश्रण ३ वर आणायचं:

```
(10 + 1·x) / (1 + x) = 3
10 + x = 3 + 3x
x = 3.5
```

प्रत्येक लिटरमागे साडेतीन लिटर. केंद्रातलं पाणी २० चं असेल तर साडेआठ लिटर. आणि अजिबात शुद्ध न केलेलं, साधारण २०० चं, पाणी नाल्यातून थेट आलं तर प्रत्येक लिटरमागे जवळजवळ शंभर लिटर.

आता हे पुण्याला लावू. महापालिकेची आधीची नऊ केंद्रं मिळून क्षमता रोज ४७७ दशलक्ष लिटर. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून आणखी अकरा केंद्रांची योजना २०१६ मध्ये मार्गी लागली, त्यांची क्षमता ३९६. एकूण ८७३. उद्या सगळी केंद्रं पूर्ण क्षमतेने, नियमाप्रमाणे चालली असं धरा. तर रोज साधारण ३,०५५ दशलक्ष लिटर चांगलं पाणी नदीत वाहतं हवं. पावसाळा सोडून आठ महिने हे केलं तर २६ टीएमसीच्या वर लागतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही धरणांची मिळून साठवण आहे साधारण २९ टीएमसी! म्हणजे पुण्याने प्यायचं नाही, दौंड-इंदापूरच्या शेताला द्यायचं नाही, सगळं नदीत सोडायचं.

हिशेब ढोबळ आहे, हे मान्य. यातली काही केंद्रं मुळेच्या बाजूला आहेत. वाहत्या नदीत ऑक्सिजन मिसळत राहतो आणि घाण थोडी थोडी आपोआप कमी होते, तेही मी धरलेलं नाही. पण गोष्टीचा आकार कळतो.

आणि खरी गोम अशी की मुठेत पावसाळ्याबाहेर चांगलं पाणी नसतंच. खडकवासल्याचं धरण १८७० च्या दशकातलं. तेव्हापासून तिचं पाणी कालव्यात वळायला लागलं, वरची धरणं झाल्यावर आणखी वळलं. धरणाखाली कर्वेनगरपर्यंत मार्च-एप्रिलमध्ये जे वाहताना दिसतं ते मुख्यतः शिवणे, वारजे अशा वरच्या वस्त्यांनी वापरून सोडलेलं पाणी असतं. पातळ करायला नदीच शिल्लक नाही, आणि मापदंड मात्र ती आहे असं धरून लिहिलेला.

जंतूंचा हिशेब आणखी निर्दय आहे. कच्च्या मैलापाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये कोटीच्या घरात कॉलिफॉर्म असतात. केंद्राने त्यातले ९९ टक्के काढले तर आपण टाळ्या वाजवू. पण कोटीतले ९९ टक्के गेले तरी एक लाख उरतात, आणि हवेत ५००. म्हणून शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरणांची पायरी लागते. केंद्राच्या तोंडाशी पाणी नितळ दिसलं, वास आला नाही, म्हणून ते स्नानाला चालेल असं अजिबात नाही. फेसाचं याच्या उलट. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस आला की बातमी होते, कारण तो फोटोत दिसतो. साबण-डिटर्जंटमधली द्रव्यं पाण्यात असतात आणि बंधाऱ्यावरून पाणी कोसळताना घुसळली जातात, त्याचा तो फेस. खाली संथ पाण्यात तो विरतो, पण द्रव्यं तिथेच असतात.

मग हे सगळं जसंच्या तसं चंद्रभागेत पोचतं का? नाही, आणि इथे पुण्यावर टीका करणारेही जरा घाई करतात. मध्ये उजनी आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेलं, ११७ टीएमसीचं प्रचंड धरण. त्यात गाळ तळाशी बसतो, सेंद्रिय घाण जंतू खाऊन टाकतात, विष्ठेतले बरेचसे जंतू मरतात. थोडक्यात, सोलापूर जिल्ह्याच्या तोंडाशी पुण्यासाठी फुकटात चालणारं शुद्धीकरण केंद्र. पण नायट्रोजन आणि फॉस्फरस तिथेच राहतात, आणि ते म्हणजे खतच. म्हणून उजनीत हिरवं शेवाळ माजतं, जलपर्णी वाढते. सोलापूर शहर हेच पाणी पितं. भिगवणचे फ्लेमिंगो बघून आपण खूश होऊन परत येतो, त्यांचं खाणं कुठल्या खतावर वाढतं याची चौकशी करत नाही.

पंढरपुराचा स्वतःचा वाटाही आहे. साधारण लाखभर वस्तीचं गाव, आणि आषाढीला त्याच्या दहापट माणसं. वर्षानुवर्षं वाळवंट हेच शौचालय होतं, आणि नंतर ते हाताने साफ करायला कोण जायचं हे वेगळं सांगायला नको. ज्या गावात दलितांना विठ्ठलाचं मंदिर उघडं व्हावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं, तिथे नदी स्वच्छ ठेवायचं काम त्यांच्याकडेच होतं. ही प्रथा बंद व्हावी म्हणून जनहित याचिका झाली. २०१४ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने शौचालयांबद्दल आदेश दिले, वाळवंटात राहुट्या टाकण्यावर बंधनं आणली. काही वारकरी मंडळी नाराज झाली, कारण वाळवंटातलं कीर्तन ही त्यांची शतकांची जागा. तोडगा निघाला तो असा: वारीच्या ठरावीक दिवसांपुरती परवानगी, आणि मुक्कामाला नदीकाठी ६५ एकरांची जागा, तिथे पाणी आणि शौचालयं. वाटेवरच्या मुक्कामांवर फिरती शौचालयंही आली. सगळं नीट झालं असं नाही, पण वारकरी बदलला. म्हणजे १८६६ चा आरोप ज्याच्यावर होता त्याने आपल्या बाजूचं बरंचसं काम केलं.

वरच्या अंगाला मात्र घोषणा झाल्या. २०१६ च्या राज्य अर्थसंकल्पात ‘नमामि चंद्रभागा’ आली, २०२२ पर्यंत नदी निर्मळ करायची होती. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यातले ५३ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. मुळा-मुठा त्या यादीत आहे.

काय करता येईल, तेही त्याच समीकरणातून दिसतं. १० च्या जागी ५ टाका. साडेतीन लिटरच्या जागी फक्त एक लिटर लागतं. केंद्रात गाळणीची आणि निर्जंतुकीकरणाची एक जादा पायरी, आणि धरणातून बारमाही थोडं पाणी, इतकं एकत्र झालं तर गणित जमण्याच्या आसपास येतं. नुसती पायरी किंवा नुसतं पाणी यातल्या एकाने जमत नाही. आणि जे सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, नाल्यातून थेट नदीत जातं, त्याचा एक लिटर या सगळ्यावर शंभर लिटरचा बोजा टाकतो. म्हणून काठ सुशोभित करण्याआधी नाले कुठे मिळतात ते बघावं, असं माझं मत.

आषाढीच्या आधी पंढरपुरात अंघोळीपुरतं पाणी असावं म्हणून गरज पडली की उजनीतून भीमेत पाणी सोडतात. इकडे त्याच दिवशी कर्वेनगरसमोर, राजाराम पुलापलीकडे विठ्ठलवाडीच्या देवळात पहाटेपासून रांग असते. या जागेला प्रतिपंढरपूर म्हणतात, आणि देऊळ अगदी मुठेच्या काठावर आहे. मी बरीच वर्षं त्या रांगेत उभा राहिलोय. दर्शन घेऊन लोक नदीकडे तोंड करून हात जोडतात. पाण्यात उतरताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.